हा शब्द कुठे दिसणार?

आमच्या ऑफिसात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. समोर सगळे ‘बाई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘कुठेबाई’. ते नाव मीच ठेवलं होतं, हे आधी कबूल करून टाकतो. कारण कुठलाही शब्द तिच्या पुढ्यात ठेवला, अगदी ‘हो’ किंवा ‘नाही’ इतका साधा, तरी ती चष्मा नाकावर खाली ओढून एकच प्रश्न विचारायची: “हा कुठे दिसणार?”

आमचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सहा टेबलं, आतल्या खोलीत साहेब. कंपन्या त्यांच्या यंत्रांवरचे, मोबाइलवरचे, पडद्यांवरचे इंग्रजी शब्द आमच्याकडे पाठवतात, आम्ही ते मराठीत करून परत देतो. ‘आम्ही’ म्हणजे खरं तर मशीन. इंग्रजी शब्दांची फाइल मशीनला घातली की चहा गार व्हायच्या आत शेजारचा रकाना मराठीने भरून येतो. मग तो रकाना बाईकडे जायचा. फाइल तयार करून मशीनला घालायचं आणि काढायचं काम माझं. माझा हुद्दा मोठा आहे, पण काम पिठाच्या गिरणीवाल्याचं.

बाई आमच्याकडे आली तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. त्याआधी वीस-बावीस वर्षं एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडला आणि ती आमच्या जिन्याने वर आली. लग्न केलं नव्हतं. मोठ्या भावाकडे राहायची. भाऊ शिंपी. आई-वडील लवकर गेले तेव्हा ही नऊ वर्षांची आणि तो एकोणीसचा. त्याने शिलाई मशीनवर पाय मारून हिला शिकवलं. तिच्या बोलण्यात दिवसातून दहा वेळा ‘दादा’ यायचा. दादा म्हणतो आधी माप, मग कात्री. दादा म्हणतो गिऱ्हाईक न बघता कपडा बेतू नये. मला या दादाचा राग यायचा. न बघितलेला माणूस इतकं शहाणपण शिकवतो म्हणजे काय.

पण बाईचं कामही तसंच होतं, हे मला उशिरा कळलं. गिऱ्हाईक न बघता कपडा बेतायचा नाही.

मशीनला लांब वाक्य दिलं तर ते बऱ्यापैकी मराठी करतं. कधीकधी माझ्यापेक्षा बरं. घोडं अडतं ते एकट्या-दुकट्या शब्दावर. वाक्यात शब्दाला आजूबाजूचे शब्द धरून ठेवतात. एकटा शब्द आला की मशीन त्याचा सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला अर्थ उचलतं आणि बिनधास्त लिहून टाकतं. शंका आली असं कधी म्हणत नाही. चुकीचं उत्तर आणि बरोबर उत्तर एकाच तोऱ्यात देतं. आमच्या साहेबांसारखंच, असं मी म्हणायचो, पण हळू आवाजात.

मोठ्या इस्पितळाचं काम आलं तेव्हा याची मजा आम्हाला महिनाभर पुरली. त्यांना रुग्णांसाठी मोबाइलवर चालणारं ॲप हवं होतं आणि वाट बघायच्या दालनांत पडदे. सगळं मराठीत. पहिल्या दिवशी मशीनने डॉक्टरांच्या आठवड्याच्या वेळापत्रकात रविवारच्या जागी ‘सूर्य’ लिहिला, बुधवारच्या जागी ‘विवाह केला’ आणि शनिवारच्या जागी ‘बसला’. ‘सन’, ‘वेड’, ‘सॅट’ असे तीन अक्षरी इंग्रजी वार होते ते. वॉर्डात ‘ॲडमिटेड’ रुग्णांपुढे ‘कबूल केले’ असं आलं. प्रकृती ‘स्टेबल’ असलेल्यांपुढे ‘तबेला’. शौच म्हणजे ‘स्टूल’ तपासणीच्या खोलीवर ‘तिपाई’. खोली क्रमांक म्हणायला इंग्रजीत ‘नो’ आणि टिंब असतं, तिथे मशीनने सरळ ‘नाही’ लिहिलं. खोली नाही बारा, खोली नाही तेरा. आम्ही पोट धरून हसलो. बाईसुद्धा हसली. मग चष्मा खाली ओढून एकेक दुरुस्त करायला बसली.

ती कसं करायची ते मी शेजारच्या टेबलावरून बघितलंय. आधी शब्दाच्या वरचे चार आणि खालचे चार शब्द वाचायची. याला ती ‘शेजारपाजार’ म्हणायची. ‘बुक’च्या शेजारी ‘रद्द करा’ आणि ‘वेळ बदला’ असेल तर तिथे पुस्तक नाही, ‘वेळ ठरवा’. मग बघायची, हा शब्द बटणावर आहे की मथळ्यावर. बटण असेल तर ‘करा’ हवं, मथळा असेल तर नुसतं नाव. मग बघायची, हा बाईमाणसापुढे दिसणार की पुरुषापुढे. इंग्रजीला त्याचं सोयरसुतक नसतं, आणि मशीन मात्र सगळ्यांना पुरुष करून मोकळं होतं. प्रसूतीच्या वॉर्डात ‘दाखल झाला’. बाई तिथे नुसतं ‘दाखल’ ठेवायची, म्हणजे कोणालाच टोचत नाही. तरी शंका राहिली तर त्या शब्दाचं स्वतः एक पूर्ण वाक्य करून मशीनला द्यायची आणि काय बदलतं ते बघायची. ‘तिपाई’ अशीच सुटली. वाक्यात रुग्ण आणि नमुना हे शब्द टाकले की मशीन लगेच शहाणं व्हायचं. आणि एवढं करूनही भागलं नाही तर प्रश्नांची यादी करायची. इस्पितळासाठी प्रोग्राम लिहिणारी कंपनी वेगळी होती, यादी तिकडे जायची. प्रत्येक ओळीत तोच प्रश्न. हा कुठे दिसणार?

उत्तरं क्वचित यायची.

आता माझा प्रताप सांगतो. तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि सांगावासा तर मुळीच वाटत नाही.

फाइल आली तेव्हा तिच्यात चार हजारांवर ओळी होत्या. पहिल्या रकान्यात प्रोग्रामवाल्यांनी दिलेली ठिपक्यांनी जोडलेली लांबलचक नावं होती. मला तो कचरा वाटला. मी रकाना उडवला. मग सगळे शब्द इंग्रजी बाराखडीप्रमाणे ओळीने लावले. मग लक्षात आलं की एकच शब्द पाच-पाच, दहा-दहा वेळा येतोय. एकच काम दहादा कशाला? मी सगळे जुळे एकत्र केले. एक इंग्रजी शब्द, एक ओळ. चार हजारांच्या सव्वीसशे झाल्या. साहेब इतके खूश झाले की त्यांनी ही युक्ती प्रोग्रामवाल्यांनाही कळवली. त्यांनाही आवडली. त्यांनी त्यांच्याकडेही तशीच सोय करून टाकली: एका शब्दाला एकच मराठी, आणि तो शब्द जिथे जिथे असेल तिथे तेच मराठी आपोआप.

बाईने फाइल उघडली आणि वर-खाली सरकवून बघितली.

“शेजारी कुठे गेले रे?” तिने विचारलं.

“कोणाचे?”

“शब्दांचे. ‘कॅन्सल’शेजारी ‘कॅन्सर’ आलाय. ओळीने लावलेस ना? माणसांना उंचीप्रमाणे उभं केल्यावर कोण कोणाच्या घरचं ते कळतं का?”

“बाई, केवढं काम कमी केलं मी तुमचं.”

“काम कमी नाही केलंस. माहिती कमी केलीस.” मग जरा मऊ आवाजात म्हणाली, “जुनी फाइल आहे ना? ती दे. तो पहिला रकाना पण दे.”

मी तोंड वाकडं करून दिली. तो कचरा तिने दोन दिवस वाचला आणि मला बोलावलं. त्या लांबलचक नावांत सगळं लिहिलेलं होतं. कुठलं पान, कुठली यादी, कुठलं बटण. पत्ता होता तो प्रत्येक शब्दाचा. आणि मी पत्ते फाडून सगळी पत्रं एका पोत्यात भरली होती.

बहुतेक ओळींचं निभावलं. एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील तिथे बाई दोन्हीकडे चालेल असं काहीतरी शोधून काढायची. जुन्या छापखान्याची सवय, कमी जागेत बसवायचं. शेवटी एक ओळ उरली. ‘एक्झिट’ आणि डोळ्याचा ‘आय’ यांच्या मध्ये, ‘एक्स्पायर्ड’.

तो शब्द जुन्या फाइलमध्ये सात ठिकाणी होता. सहा ठिकाणी साधा: विम्याचं कार्ड, मोबाइलवर येणारा ओटीपीचा आकडा, डॉक्टरांची चिठ्ठी वगैरे, आणि मुख्य म्हणजे नातेवाइकाचा भेटीचा पास. हा पास रोज संपायचा आणि रोज नवा करावा लागायचा. सातवं ठिकाण वेगळं होतं. ‘माझा रुग्ण’ नावाचं पान, त्यात रुग्णाचं नाव, आणि नावापुढे त्याची सध्याची स्थिती. दाखल. शस्त्रक्रियेत. अतिदक्षता. घरी सोडले. आणि शेवटी हा.

साहेबांनी मशीनवर ‘वैद्यकीय’ अशी खूण करून ठेवली होती. त्यामुळे मशीनने लिहिलं होतं, ‘निधन झाले’. सातही ठिकाणी.

बाई स्वतः इस्पितळात गेली. मला बरोबर नेलं. नोंदणीच्या खिडकीवर एक तरुण मुलगी होती, तिच्याकडे चाचणीसाठी खोटा रुग्ण होता, त्याचं नाव ‘चाचणी एक’. तिने खोटा पास काढला, त्याची वेळ मुद्दाम संपवली. पासवर रुग्णाचं नाव असतं. पडद्यावर आलं: चाचणी एक, निधन झाले. मुलगी खुदकन हसली. मग तिचं लक्ष समोरच्या बाकांवर गेलं. तिथे पन्नासएक नातेवाईक मोबाइल हातात धरून बसले होते. ती हसायची थांबली.

“रोज संध्याकाळी सगळ्यांचे पास एकदमच संपतात,” ती म्हणाली.

परत आल्यावर बाईने साहेबांना सांगितलं की ही ओळ तोडून दोन करा. एक पाससाठी, एक माणसासाठी. साहेबांनी प्रोग्रामवाल्यांना कळवलं. तिकडून उत्तर आलं की मागणी रास्त आहे, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती कधी, तर तीन-चार महिन्यांनी. तोवर एक शब्द, एक ओळ. माझ्याच युक्तीवर त्यांनी सगळा डोलारा उभा केला होता, आता एका विटेसाठी तो कोण उतरवणार?

“‘समाप्त’ लिहा की,” मी म्हटलं. “दोन्हीकडे चालेल.”

“माणसापुढे ‘समाप्त’?” ती म्हणाली. “आणि समजा पासवर दादाचं नाव आणि पुढे ‘समाप्त’, असं कोणी वाचलं तर?”

“मग इंग्रजीच ठेवा. ‘एक्स्पायर्ड’. सगळ्यांना कळतं.”

“तेच तर. औषधही एक्स्पायर होतं आणि माणूसही. कळतं म्हणूनच भीती.”

दोन दिवस ती ओळ उघडी ठेवून बसली. मी तिला इतकं हतबल कधी पाहिलं नव्हतं. शब्द तिला सापडत नव्हता असं नाही. दोन्ही शब्द सापडले होते, दोन्ही बरोबर होते, आणि एकच लिहायचा होता. शेवटी तिने हिशेब असा मांडला: रोज दोन-तीनशे पास संपतात. तेवढ्या घरांना रोज खोटी मरणाची बातमी द्यायची नाही. उलट माणूस गेला तर डॉक्टर स्वतः बाहेर येऊन सांगतातच, ॲपवर कोण बघत बसतं. तिने ‘निधन झाले’ खोडलं आणि ‘मुदत संपली’ लिहिलं. मंजूर करणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. मग मला म्हणाली, “हे बरोबर नाही. फक्त कमी चूक आहे.”

ॲप सुरू झालं. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, साहेबांनी त्या कापून भिंतीला लावल्या.

महिन्याने दादा आजारी पडला. आधी खोकला, मग धाप, मग एका सकाळी तिने फोनवर सांगितलं की आज येत नाही, दादाला दाखल केलंय. कुठे, हे तिने सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

फुप्फुसं निकामी होत चालली होती. चाळीस वर्षं कापडाच्या धुळीत बसलेला माणूस. तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात हलवलं. दिवसा वहिनी तिथे बसायची, संध्याकाळी बाई ऑफिसातून जाऊन तिला घरी पाठवायची. रजा का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. “दोघींनी बसून काय करायचं? आत तर एकीलाच सोडतात, तेही दहा मिनिटं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “इथे बसले की निदान काहीतरी दुरुस्त होतं.”

एकदा मी तिच्याबरोबर इस्पितळात गेलो. वहिनी ठेंगणी, गोल चेहऱ्याची, वाचताना ओठ हलवणारी. इंग्रजी अजिबात येत नाही, मराठी एकेक अक्षर लावून वाचते. मोबाइल तिने दोन्ही हातांत ताटासारखा धरला होता. मला बघून म्हणाली, “तुम्ही वन्संच्या ऑफिसातले ना? बघा, सगळं वाचता येतं मला. नाव येतं, वॉर्ड येतो, पास कधी संपला ते येतं. आता कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.” आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून सांगितलं, “हे सगळे शब्द आमच्या वन्संनी लिहिलेत.”

बाई खाली बघत होती.

बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर ती थांबली. “तिला सांगायला हवं,” ती म्हणाली. “पासचं पान वेगळं आणि नावाचं पान वेगळं. नावापुढे ते शब्द आले तर त्याचा अर्थ दुसरा.”

“मग सांगा.”

“कसं सांगू?” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. “काय म्हणू? वहिनी, तुमचा नवरा मेला की असं दिसेल, नीट लक्षात ठेवा?”

मला फक्त स्वतःचा राग आला, आणि राग आला की मी बडबडतो. मी म्हटलं की तशी वेळ येणारच नाही, दादा बरे होतील. असली वाक्यं बोलायला अक्कल लागत नाही. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं की वहिनीला तिने एवढंच म्हटलंय, मोबाइलवर काहीही नवीन दिसलं तर आधी मला फोन करा. वहिनीने मान डोलावली.

त्याच दिवशी मी साहेबांच्या खोलीत जाऊन भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ती ओळ आजच्या आज तोडा म्हटलं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला, आवाज मोठा करून मला ऐकवला. पलीकडचा माणूसही वाईट नव्हता. नम्रपणे म्हणाला, एका शब्दासाठी सगळ्या इस्पितळाचं ॲप पुन्हा तपासावं लागतं, पुढच्या आवृत्तीत नक्की घेतलंय, नोंद क्रमांक देतो. नोंद क्रमांक दिला. मी तो कागदावर लिहून बाईच्या टेबलावर ठेवला. तिने तो मॉनिटरच्या कडेला चिकटवला. आम्ही दोघेही त्या आकड्याकडे असे बघायचो जणू तोच काही करणार आहे.

आठव्या दिवशी, दुपारी पावणेतीनला, तिचा फोन वाजला. आम्ही नुकतेच डबे धुऊन टेबलावर बसलो होतो. वहिनी फोनवर नेहमी मोठ्याने बोलते, मला इकडे सगळं ऐकू येत होतं. मागे माणसांचा गलका होता.

“वन्सं, काही नाही हो, काळजी करू नका. तुम्ही म्हणालात ना, नवीन दिसलं तर फोन करा, ते आत्ता आठवलं म्हणून केला. पासची मुदत संपली म्हणतोय मोबाइल. आज दुपारीच कशी संपली कोण जाणे. मी खाली रांगेत उभी आहे. खूप गर्दी आहे, पाऊण तास झाला, पण आता पुढे तिघंच आहेत.”

बाई उभी राहिली. खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली.

“वहिनी,” ती म्हणाली, “कुठे दिसतंय ते?”

“काय?”

“मुदत संपली. कुठे लिहिलंय? पासच्या पानावर?”

“थांबा हं, बघते.” पलीकडे थोडा वेळ नुसता गलका. वहिनी ओठ हलवत वाचत असणार. “नाही हो. पासवर नाही. पासवर संध्याकाळपर्यंतची वेळ आहे. हे यांच्या नावापुढे आहे.”

इतकी वर्षं तिने तो प्रश्न शेकडो लोकांना विचारला होता. कोणीही इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं.

पलीकडून वहिनी दोनदा “हॅलो, हॅलो” म्हणाली. मग म्हणाली, “वन्सं, रांग पुढे सरकली. नवा पास किती दिवसांचा मागू?”

“वहिनी,” बाईचा आवाज मला ओळखू आला नाही, “रांग सोडा. तिथे एखादं बाक असेल, त्यावर बसा. मी येते. मी येईपर्यंत कुठे जाऊ नका.”

“अहो पण दोनच राहिलेत पुढे.”

“सोडा ती रांग.”

मी तिला घेऊन गेलो. रिक्षात ती एकदाही रडली नाही, फक्त मोबाइल मांडीवर पालथा ठेवून त्यावर हात दाबून बसली होती. मी बोलायला नालायक होतो.

झालं होतं ते असं. दोन वाजायच्या सुमारास दादा गेला. डॉक्टर कागदांवर सह्या करत असतानाच आतल्या कारकुनाने संगणकात स्थिती भरली, कारण ती लगेच भरायची असा नियम आहे. ॲपला कळलं. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना हाक मारेपर्यंत बाक रिकामा होता. वहिनी मोबाइलवर वाचून तीन मजले उतरून पासच्या रांगेत गेली होती. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली, परिचारिकेने संडासापर्यंत जाऊन बघितलं. बाकीच्या सगळ्यांना ठाऊक झालं होतं. शेजारी बसणाऱ्या त्या अनोळखी बाईलासुद्धा. फक्त बायकोला ठाऊक नव्हतं. ती नवऱ्याला भेटायचा पास नवा करायला पाऊण तास उभी होती.

आम्ही पोचलो तेव्हा ती बाकावर बसली नव्हती. रांग सोडायचा जीव झाला नव्हता तिचा. तिने पास नवा करून घेतला होता आणि तो हातात धरून जिन्यापाशी उभी होती. “मिळाला,” ती म्हणाली. “चला, वर जाऊ.”

बाईने तिचा हात धरला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, मी मुद्दाम मागे राहिलो होतो. जिन्यावर वहिनी खाली बसली एवढंच दिसलं.

बाई महिनाभर आली नाही. तिचा रकाना मी तपासत होतो आणि चुका करत होतो. मॉनिटरच्या कडेचा कागद तसाच होता. ती परत आली तेव्हा कोणी काही विचारलं नाही. चष्मा तोच, डबा तोच. दादा म्हणतो, असं मात्र ती पुन्हा कधी म्हणाली नाही. मला त्या न बघितलेल्या माणसाची आठवण येते, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

एकदा दबकत विचारलं, वहिनी काही म्हणाल्या का. “काही नाही,” ती म्हणाली. “म्हणाली, मलाच नीट वाचता येत नाही, तुमची काय चूक.” आणि कामाला लागली. मला वाटतं, वहिनीने चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

पुढची आवृत्ती चौथ्या महिन्यात आली. त्यांनी शब्द पाळला होता, ओळ तुटून दोन झाल्या होत्या. शिवाय बाईच्या प्रश्नांना कंटाळून की काय, प्रत्येक शब्दापुढे तो कुठे दिसणार याचा एक नवा रकानाही जोडला होता. फाइल मी मशीनला घातली. आमचं मशीन आधी जुनी मंजूर भाषांतरं शोधतं, तोच शब्द सापडला की तेच मराठी आपणहून भरतं, पुन्हा विचारत नाही. म्हणून नव्या ओळीतही ‘मुदत संपली’ आलं. शेजारी हिरवी खूण आणि मंजूर करणाऱ्याचं नाव. बाईचं.

ते आधी बघून मी पुसून टाकायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात न येणं हाच माझा धंदा झाला होता.

तिने ओळ उघडली. मग स्वतःचे दोन शब्द एकेक अक्षर करून खोडले आणि तिथे ‘निधन झाले’ लिहिलं. बाईमाणसाला चालतं, पुरुषाला चालतं, लहानाला चालतं. मग तिची नजर नव्या रकान्यावर गेली आणि तिने तो मोठ्याने वाचला.

“रुग्णाच्या नावापुढे दिसेल.”

चष्मा काढून तिने टेबलावर ठेवला.

“तीनच शब्द रे,” ती म्हणाली. “एवढेच मागत होते मी.”